कमाई शपथेवर

पोटगीच्या दाव्यात नवरा सांगतो, धंदा बसलाय, घर आईवडिलांच्या पेन्शनवर चालतं. बायको सांगते, त्याला महिन्याला दोन लाख मिळतात आणि गावाकडे दहा एकर बागायत आहे. पुरावा दोघांकडेही नसतो. अशा वेळी न्यायाधीशांना दोन्ही आकड्यांच्या मध्ये कुठंतरी बोट ठेवावं लागायचं. बायका गरजा फुगवून सांगतात, नवरे कमाई दडवतात आणि मग अंतरिम पोटगीचा आदेश अंदाजावर निघतो, हे निरीक्षण खुद्द सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं आहे. ज्या निकालात ते आलं, त्याचं मूळ नागपुरात आहे.

मूल झाल्यानंतर जानेवारी २०१३ मध्ये नागपूरची एक पत्नी सासर सोडून बाहेर पडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने स्वतःसाठी आणि मुलासाठी अंतरिम पोटगीचा अर्ज केला. अंतरिम म्हणजे मूळ दावा चालू असताना खाण्यापिण्याची, घरभाड्याची सोय. हा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायद्यात लिहिलेलं होतं आणि आजही आहे. प्रत्यक्षात आदेश यायला ऑगस्ट २०१५ उजाडला. पत्नीला दरमहा १५,००० रुपये मंजूर झाले. मुलाला आधी ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये ठरले. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, तिथे २०१८ मध्ये हरला आणि मग दिल्लीला गेला. माझ्याकडे सध्या काम नाही आणि कौटुंबिक न्यायालयाने माझी फार जुनी आयकर विवरणपत्रं धरून रक्कम ठरवली, असं त्याचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याकडून विवरणपत्रं मागवली आणि सोबत पासपोर्टची प्रतही मागवली. पासपोर्ट कशाला, असा प्रश्न वाचकाला पडेल. बेकार माणूस किती वेळा परदेशी जाऊन आला हे त्यावरच्या शिक्क्यांवरून कळतं.

न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल दिला, तेव्हा मूळ अर्जाला सात वर्षं उलटून गेली होती. नवऱ्याचं अपील फेटाळलं गेलं आणि थकबाकी भरण्यासाठी त्याला बारा आठवड्यांची मुदत मिळाली. पण न्यायालय तिथे थांबलं नाही. देशभरातल्या पोटगीच्या प्रत्येक दाव्यात, चालू असलेल्या दाव्यांतही, दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी ठरावीक नमुन्यात शपथेवर मांडायची, असा आदेश त्याने दिला. वकिलांच्या बोलण्यात हा ‘रजनेश-नेहा’ निकाल. दिल्ली उच्च न्यायालयात न्या. जे. आर. मिधा यांनी असाच एक नमुना आधीपासून वापरात आणला होता. २०२० नंतर नमुना सगळ्या देशाचा झाला.

हे शपथपत्र साध्या प्रतिज्ञापत्रासारखं पानभर मजकुराचं नसतं. पगारदारासाठी मालकाचं नाव, हुद्दा आणि एकूण पगार असे रकाने असतात. धंदेवाल्याला व्यवसाय एकट्याचा आहे, भागीदारीचा आहे, कंपनीचा आहे की एकत्र कुटुंबाचा, हे सांगावं लागतं. नफ्यातला वाटाही लिहावा लागतो. भाडं, व्याज, शेअर, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी, दागिने, वाहनं, वडिलोपार्जित मालमत्तेतला हिस्सा या सगळ्यांची नोंद करायची. कर्ज असेल तर ते कधी आणि कशासाठी घेतलं, हप्ता किती, हे द्यायचं. सर्व खात्यांचे तीन वर्षांचे बँक उतारे जोडायचे. शिवाय स्वतःचा महिन्याचा खर्च, कोण कोण अवलंबून आहे, कुणाला काय आजार आहे, आणि आधी दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली पोटगी मागितली किंवा मिळाली आहे का, हेही. एक भाग तर जोडीदाराविषयी आहे. तुमच्या माहितीप्रमाणे तो किंवा ती काय कमावते, काय काय बाळगून आहे, ते तिथे लिहायचं.

शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. जमीन किती, कुठे, बागायत की जिरायत, वर्षभरात कोणती पिकं घेतली, गेल्या तीन वर्षांत काय मिळालं, जमीन बटईने दिली आहे का, गुरंढोरं किती, अशी विचारणा त्यात आहे. मालकीसाठी महसुली कागद लागतात. आपल्याकडे ते म्हणजे सातबारा आणि आठ-अ. ‘शेतीत काही उरत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या पोटगीच्या कैफियतींमध्ये इतकं रुळलं आहे की या नमुन्याची खरी गरज इथल्या तालुका न्यायालयांनाच आहे. त्या वाक्यात पुष्कळदा तथ्यही असतं. पण मग कोणतं पीक घेतलं, किती निघालं आणि कुठं विकलं, हे लिहायला हरकत नसावी. दारिद्र्यरेषेखालचे, आर्थिकदृष्ट्या दुर्बळ गटातले किंवा रोजंदारीवरचे लोक असतील, तर न्यायालय या शपथपत्रातून सूट देऊ शकतं. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याला कागदांच्या ओझ्याखाली दाबू नये, इतकं भान निकालात आहे.

अर्ज करणारीने अर्जासोबतच शपथपत्र द्यायचं. समोरच्याने जास्तीत जास्त चार आठवड्यांत उत्तर आणि स्वतःचं शपथपत्र द्यायचं. त्याला दोनपेक्षा जास्त संधी द्यायच्या नाहीत. दोन्ही बाजूंची शपथपत्रं आली की चार ते सहा महिन्यांत अंतरिम आदेश व्हावा, असं न्यायालय म्हणतं.

आता ही कागदपत्रं बोलतात कशी, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. माणसं खोटी आहेत, पण यातली प्रत्येक युक्ती कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात ओळखीची आहे.

सांगलीत एकाचं मोबाइलच्या सुट्या सामानाचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. बायको सहा वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी आली आहे. नवऱ्याने शपथपत्रात मासिक उत्पन्न २४,००० रुपये लिहिलं आणि आयकर विवरणपत्र जोडलं. विवरणपत्र खरं आहे, आकडाही त्यातलाच आहे. गोम वेगळीच आहे. छोट्या व्यापाऱ्याला आयकर कायद्यात अंदाजित उत्पन्नाची सवलत असते. तपशीलवार हिशेबवह्या न ठेवता एकूण उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेच्या ६ टक्के, एवढा नफा दाखवला तरी चालतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त मिळालं असेल तर ते दाखवायला हवं. पण बहुतेक जण किमान मर्यादेवर थांबतात. आपल्या दुकानदाराने ३६ लाखांच्या रोखीच्या उलाढालीवर ८ टक्क्यांनी २,८८,००० रुपये दाखवले. त्याला बाराने भागलं की बरोबर २४,००० येतात. त्याचा खरा नफा काय होता, हे विवरणपत्र सांगतच नाही. म्हणूनच विवरणपत्र हा खऱ्या कमाईचा भरवशाचा आरसा नव्हे, त्यातही नवराबायकोचं भांडण चालू असताना उत्पन्न कमी दाखवण्याकडे कल असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा एकदा सांगितलं.

बायकोच्या वकिलाने विवरणपत्र बाजूला ठेवलं आणि त्याच शपथपत्रातला देण्यांचा रकाना उघडला. नवऱ्याने तो मन लावून भरला होता, कारण कर्जाचा बोजा दाखवला की पोटगी कमी होते असा त्याचा समज होता. फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता १९,५००. गाडीचा हप्ता ११,२००. म्युच्युअल फंडात दरमहा ५,०००. विम्याचा वार्षिक हप्ता ४८,०००, म्हणजे महिन्याला ४,०००. बेरीज ३९,७०० होते. स्वतःच्या राहण्याखाण्याचा खर्च त्याने १२,००० लिहिला होता. म्हणजे महिन्याला ५१,७०० रुपये बाहेर जातात आणि आत येतात २४,०००. मधले २७,७०० रुपये दर महिन्याला कुठून येतात?

शपथपत्रातली लबाडी बहुतेक वेळा अशी बेरीज-वजाबाकीत सापडते. उत्पन्नाचा आकडा वकिलाच्या सल्ल्याने विचार करून लिहिला जातो. पण हप्ते बँकेच्या नोंदीत असतात आणि त्यांना हात लावता येत नाही.

पुढची पायरी प्रश्नावलीची. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ११ व्या आदेशाखाली एक बाजू दुसऱ्या बाजूला लेखी प्रश्न विचारू शकते आणि कागद हजर करायला लावू शकते. शपथपत्रातल्या माहितीबद्दल वाद असेल तर हा मार्ग वापरावा, असं २०२० च्या निकालातच म्हटलं आहे. दुकानदाराला विचारलं गेलं की ही तूट कोण भरून काढतं. उत्तर आलं, वडील मदत करतात. वडील एसटीतून निवृत्त झालेले, पेन्शन जेमतेम. तरीही मदत केली असेल तर ती कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेली, हा पुढचा प्रश्न. नवऱ्याच्या तीन वर्षांच्या उताऱ्यात वडिलांकडून आलेली एकही रक्कम नव्हती.

उताऱ्यात दुसरंच काही मिळालं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात १५,००० रुपये ‘स्वतः’ अशा नोंदीने एका सहकारी बँकेतल्या खात्यात जात होते. ते खातं शपथपत्राच्या यादीत नव्हतं. ‘सर्व खाती’ या शब्दांचा अर्थ इथे कामाला येतो. एक खातं लपलं की बाकीच्या यादीवरचा विश्वासही उडतो. बायकोच्या भावाने दुकानात जाऊन १५० रुपयांचं चार्जर घेतलं आणि काउंटरवरच्या क्यूआर कोडवर पैसे दिले. फोनवर नाव आलं ते दुकानदाराचं नव्हे, त्याच्या धाकट्या भावाचं. या युक्तीत काही नवं नाही. पूर्वी गल्ल्यातली रोकड घरी जायची, आता क्यूआर कोड घरातल्या दुसऱ्याच्या नावावर असतो. फरक इतकाच, की रोकड मागे काही ठेवत नाही आणि बँकेचा उतारा सगळं ठेवतो. न्यायालयाने बँकेकडून भावाच्या खात्याचा उतारा मागवला. त्यात महिन्याला सरासरी अडीच लाख रुपये जमा होत होते, बहुतेक दुकानाच्या वेळेत आणि शेपाचशेच्या हप्त्यांनी.

इथे बायकोच्या बाजूनेही एक चूक सहज होते. तिच्या अर्जात लगेच ‘मासिक उत्पन्न अडीच लाख’ असं लिहिलं जातं. अडीच लाख ही विक्री आहे. त्यातून मालाची किंमत, दुकानाचं भाडं, पोऱ्याचा पगार, वीज हे सगळं जायचं असतं. विक्रीलाच कमाई म्हणणारा अर्ज न्यायाधीशांना तितकाच अतिशयोक्त वाटतो जितकं नवऱ्याचं २४,००० खोटं वाटतं. आपल्या उदाहरणात वकिलाने दावा आवरता ठेवला. नवऱ्याचे स्वतःचे सिद्ध झालेले खर्च, गुंतवणूक आणि लपवलेल्या खात्यात साठलेली रक्कम यांवरून हातात येणारं उत्पन्न महिन्याला ६५,००० च्या आसपास असावं, एवढंच म्हटलं. न्यायालयाला ते पटलं. बायको घरी शिकवण्या घेऊन ६,००० मिळवत होती आणि तिने ते शपथपत्रात स्वतःहून लिहिलं होतं. तिला १२,००० आणि मुलीला ८,००० अशी २०,००० ची अंतरिम पोटगी ठरली.

फ्लॅटचा हप्ता का वजा केला नाही, अशी नवऱ्याची तक्रार होती. ही तक्रार पगारदारांकडूनही येते. सरकारी नोकराची पगारपत्रक पाहिली तर एकूण पगार ७०,००० आणि हातात १४,०००, असा चमत्कार दिसतो. मधे पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचं कर्ज असतं, भविष्य निर्वाह निधीत ऐच्छिक वाढवलेली वर्गणी असते, विमा असतो. यातलं बरंच काही नोटीस मिळाल्यानंतर सुरू झालेलं असतं. म्हणून कर्जाच्या रकान्यात तारीख आणि कारण विचारलं आहे. न्यायालयं साधारणतः आयकर, व्यवसाय कर आणि सक्तीचा भविष्य निर्वाह निधी एवढ्याच वजाबाक्या मान्य करतात. स्वतःसाठी घर किंवा बचत उभी करणारा हप्ता बायकोमुलांच्या जेवणाच्या आधी धरला जात नाही. दाव्याच्या सुमारास दिलेला राजीनामा किंवा घेतलेली स्वेच्छानिवृत्तीही अशीच संशयाने पाहिली जाते. धडधाकट, शिकलेला माणूस काय कमावू शकतो, याचा अंदाज करून न्यायालय रक्कम ठरवतं.

लपवणाऱ्याच्या अंगावर नेमकं काय येतं? लोकांच्या डोक्यात पहिलं उत्तर तुरुंग असतं. शपथपत्राच्या शेवटीच लिहिलेलं असतं की खोटं विधान हा न्यायालयाचा अवमान तर आहेच, शिवाय खोट्या पुराव्याच्या गुन्ह्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नमुन्यात जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं छापलेली आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि शिक्षेचं मुख्य कलम १९३ चं २२९ झालं. पण या वाटेवर एक मोठं फाटक आहे. खोट्या शपथेची फिर्याद जोडीदार थेट पोलिसांत देऊ शकत नाही. ज्या न्यायालयात खोटं बोललं गेलं, त्याच न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. हा अर्ज पूर्वी कलम ३४० खाली व्हायचा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली होतो. विधान खोटं आहे एवढं न्यायालयाला पुरत नाही. ते जाणूनबुजून केलेलं आहे का आणि खटला भरणं न्यायाच्या हिताचं आहे का, हेही पाहावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २००५ मध्ये सांगितलं आहे की प्रत्येक खोट्या विधानामागे फिर्याद करायला न्यायालय बांधील नाही. जमिनीची किंमत कमी लिहिली तर तो मताचा भाग म्हणून सुटू शकतो. खातंच लिहिलं नाही तर सुटका कठीण. तरीही पुष्कळ न्यायाधीश हा अर्ज मूळ दाव्याच्या निकालापर्यंत बाजूला ठेवतात. रागाच्या भरात पहिल्याच तारखेला ३४० चा अर्ज ठोकणाऱ्या पक्षकाराला अनुभवी वकील थोडं थांबायला सांगतो, कारण त्या अर्जाच्या नादात अंतरिम पोटगीच लांबते.

रोजच्या व्यवहारात दोन परिणाम अधिक धारदार आहेत. पहिला विरोधी अनुमानाचा. स्वतःची कमाई ही ज्याची त्यालाच ठाऊक असलेली गोष्ट. ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो, आणि हातात असलेला कागद त्याने दडवला तर तो त्याच्या विरुद्ध जाणारा होता असं न्यायालय धरू शकतं. या एका नियमामुळे बायकोला नवऱ्याचा नफा पैशापैशाने सिद्ध करावा लागत नाही. त्याने सांगितलेलं चित्र टिकत नाही, एवढं दाखवलं तरी पुरतं.

दुसरा परिणाम बचाव काढून टाकण्याचा. वारंवार संधी देऊनही शपथपत्र दाखल होत नसेल आणि त्यात हेतुपुरस्सर अवज्ञा दिसत असेल, तर न्यायालय त्या बाजूचा बचाव काढून टाकून समोर असलेल्या कागदांवर पोटगी ठरवू शकतं. हे हत्यार शेवटी वापरायचं असतं. चार आठवड्यांऐवजी सहा लागले म्हणून ते उगारलं जात नाही.

माहिती मिळवण्याच्या वाटाही गेल्या काही वर्षांत मोकळ्या झाल्या आहेत. जोडीदार सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. दुसऱ्याचा पगार ही खाजगी बाब म्हणून पूर्वी असे अर्ज सर्रास फेटाळले जायचे. पोटगीच्या दाव्यात नवऱ्याचा पगार हाच वादाचा मुद्दा असतो, तेव्हा तो फक्त त्याची खाजगी बाब राहत नाही, असं नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये म्हटलं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मिळकतीच्या तपशिलावरून दस्तांचा शोध घेता येतो आणि इंडेक्स टू पाहता येतो. महाभूलेखवर सातबारा दिसतो. कंपनीत संचालक असल्यास तीही नोंद सार्वजनिक असते. बँकेचा उतारा आणि आयकर खात्याकडचं वार्षिक माहितीपत्रक मात्र स्वतःहून मिळत नाही, ते न्यायालयामार्फतच मागवावं लागतं. नवऱ्याचा पासवर्ड ठाऊक आहे म्हणून त्याच्या नेट बँकिंगमध्ये शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. तिथे बाजी उलटते.

हे सगळं नवऱ्याविषयी झालं, कारण पोटगी बहुतेक वेळा त्याच्याकडूनच मागितली जाते. पण शपथपत्र दोघांचंही असतं आणि रिकामे रकाने दोन्हीकडे सापडतात. ‘गृहिणी, उत्पन्न निरंक’ असं लिहिलेली पत्नी खाजगी शाळेत शिकवत असते, किंवा पुण्यात आयटी कंपनीतून घरबसल्या काम करत असते. नवऱ्याने तिच्या भविष्य निर्वाह निधीचा किंवा पगाराचा माग काढला की संपूर्ण अर्ज डळमळतो. यातली खेदाची गोष्ट अशी, की पुष्कळदा या खोट्याची गरजच नसते. पत्नी काहीतरी कमावते म्हणून तिची पोटगी आपोआप नाकारली जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका प्रकरणात म्हटलं की कमावण्याची नुसती क्षमता किंवा हातात येणारी तुटपुंजी कमाई पोटगी नाकारायला पुरेशी नाही. हे मत पुढे रजनेश-नेहा निकालातही उद्धृत झालं. कसोटी अशी, की सासरी असताना जसं राहणीमान होतं, त्याच्या जवळपास जगण्याइतकी ती कमाई आहे का. वर सांगितलेल्या सांगलीच्या उदाहरणात ६,००० च्या शिकवण्या लिहिल्याने पत्नीचं काही बिघडलं नाही. तेच ६,००० नवऱ्याने उलटतपासणीत बाहेर काढले असते, तर तिच्या बाकीच्या प्रत्येक वाक्यावर शंका घेतली गेली असती. आणि मिळकत खरोखरच पुरेशी असताना ती दडवली असेल, तर पोटगी नाकारली जाते किंवा मंजूर झालेली कमी होते, रद्दही होते.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली नवराही अंतरिम पोटगी मागू शकतो, हे इथे सांगून ठेवायला हवं. असे अर्ज थोडे असतात, पण त्यांनाही हेच शपथपत्र लागू आहे.

आदेश निघाला म्हणून शपथपत्राचं काम संपत नाही. उत्पन्नात किंवा मालमत्तेत मोठा बदल झाला तर सुधारित शपथपत्र द्यायचं बंधन सही करतानाच घेतलेलं असतं. नोकरी खरोखर गेली तर नवऱ्याने ते कळवून रक्कम कमी करून मागावी, गप्प बसून थकबाकी वाढवू नये. बायकोला नोकरी लागली तर तिनेही कळवायचं असतं.

कागदावरची ही व्यवस्था सगळीकडे उतरली आहे असं मात्र नाही. निकालाला तीन वर्षं झाल्यावर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. त्यात एका लहान मुलीची मासिक पोटगी उच्च न्यायालयाने २०,००० वरून ७,५०० वर आणली होती, आणि खालच्या न्यायालयांनी उत्पन्नाची शपथपत्रं घेतलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ते परत पाठवलं आणि २०२० च्या निकालाची प्रत देशभरच्या न्यायालयांना पुन्हा वाटायला सांगितली. आजही काही ठिकाणी शपथपत्र येतं, पण अर्धे रकाने ‘लागू नाही’ असे. जोडलेले उतारे सहा महिन्यांचे. समोरच्या वकिलाने हरकत घेतली नाही, तर तेच खरं धरून आदेश होतो. नमुना आपणहून खोटं पकडत नाही. शेजारी बसून कुणीतरी हप्त्यांची बेरीज करावी लागते.

लांबण लावणाऱ्याला आता पूर्वीइतका फायदा राहिलेला नाही, तो पोटगी कधीपासून धरायची या मुद्द्यामुळे. काही न्यायालयं आदेशाच्या तारखेपासून द्यायची, काही अर्जाच्या. २०२० च्या निकालाने ती सर्वत्र अर्जाच्या तारखेपासून ठरवली. सांगलीच्या दुकानदाराने खातं लपवण्यात, वडिलांचं नाव सांगण्यात आणि तारखा मागण्यात सोळा महिने काढले असतील, तर आदेशाच्या दिवशी त्याच्यावर सोळा गुणिले वीस हजार, म्हणजे ३,२०,००० रुपये एकरकमी देणं उभं राहतं. मधल्या काळात काही दिलं असेल तेवढं वजा होईल. भरले नाहीत तर न्यायालय वसुलीचं वॉरंट काढतं. तरीही बाकी राहिलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देता येते. मात्र अशा वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणून पत्नीचा वकील पहिल्याच थकबाकीपासून वसुलीचे अर्ज करत राहतो आणि नव्या अर्जासोबत त्या महिन्यापर्यंतचा हिशेब जोडतो.